घड्याळ भुसावळचं, प्रवासी धुळ्याचा: रद्द तिकिटाचा परतावा ताडून कसा पाहायचा

दिवाळी असो की लग्नसराई, तारीख हलली की तिकीट रद्द होतं आणि दोन-चार दिवसांनी खात्यात एक विचित्र आकडा येऊन पडतो. इतका कमी का, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. मी धुळ्यात हिशेब लिहिण्याचं काम करतो, म्हणून गल्लीतली अशी सगळी प्रकरणं माझ्या ओट्यावर येतात. गेल्या मोसमात शेजारचे अप्पा मोबाइल हातात धरून आले. मुंबईच्या ट्रॅव्हल्सची दोन तिकिटं त्यांनी रद्द केली होती. भरले होते 1,959 रुपये, आले होते 850.

"भो, मना पैसा कथा ग्यात?"

अप्पांच्या हिशेबानं 1,469 रुपये यायला हवे होते, म्हणजे 619 रुपये कमी. आम्ही चहा होईपर्यंत बसलो आणि पै न पै सापडली. कुणी फसवलं नव्हतं, पण अप्पांना कुणी नीट सांगितलंही नव्हतं. हा लेख मुख्यतः त्या 619 रुपयांबद्दल आहे. शेवटी विमानाच्या तिकिटाचंही एक प्रकरण सांगतो, कारण तिथला कायदा वेगळा आहे आणि तिथे खरोखरच पैसे बुडता बुडता राहिले.

आधी भरलेल्या रकमेचे तुकडे करा

आपण "तिकीट 1,959 चं" असं म्हणतो. पण ती एक रक्कम नसते. एकाच पावतीत दोन वेगळ्या माणसांचे पैसे असतात: एक गाडीवाला आणि दुसरं ते अॅप किंवा वेबसाइट, जिथून आपण तिकीट काढलं. त्या दुसऱ्याला पुढे पोर्टल म्हणतो. अप्पांच्या ईमेलमधलं बिल असं होतं:

दोन स्लीपर सीटचं भाडं, जीएसटी धरून: 1,050 × 2 = 2,100
कूपनची सूट: − 200
कन्व्हीनियन्स फी, जीएसटी धरून: + 59
एकूण भरले: 1,959

भाडं गाडीवाल्याचं. कन्व्हीनियन्स फी पोर्टलची. ही फी म्हणजे घरबसल्या तिकीट काढून दिल्याचा मोबदला. इथे ती 50 रुपये होती आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 9. कूपनची सूट पोर्टलनं दिलेली होती. गाडीवाल्याला त्या सुटीचं काही देणं-घेणं नव्हतं, त्याच्या दृष्टीनं सीट 1,050 लाच गेली होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

परताव्याचा हिशेब करताना सुरुवात 1,959 पासून नाही, 2,100 पासून करायची. अप्पांनी पहिली चूक इथेच केली होती.

कन्व्हीनियन्स फी परत का येत नाही?

"गेलोच नाही तर कसली सोय?" हा अप्पांचा पहिला प्रश्न, आणि तो रास्त आहे.

सावदा-रावेरकडच्या माणसाला हे पटकन कळेल. केळी ट्रकमध्ये भरली, हमालांनी घड उचलले, त्यांची हमाली दिली. नंतर व्यापाऱ्यानं सौदा मोडला आणि माल उतरवावा लागला. केळीचे पैसे कुणी कुणाला किती द्यायचे यावर वाद होऊ शकतो. पण हमाल हमाली परत देत नाही, त्यानं त्याचं काम केलेलं असतं. पोर्टलचं म्हणणं तसंच आहे. सीट शोधून दिली, पैसे गाडीवाल्याकडे पोचवले, तिकीट पाठवलं, आमचं काम संपलं.

प्रवाशानं स्वतःहून तिकीट रद्द केलं तर हे म्हणणं टिकतं. अट एकच, ही फी पैसे भरण्याआधी वेगळी दाखवलेली असायला हवी आणि ती परत मिळणार नाही हेही सांगितलेलं असायला हवं. दोन सीटला 59 रुपये कमी की जास्त हा वेगळा विषय. माझ्या मते जास्त आहेत, पण हिशेबात ते गेलेलेच धरायचे. काही पोर्टलवर विम्याचे किंवा देणगीचे दहा-वीस रुपयेही आपण न सांगता टिक होऊन येतात. तेही बहुतेक वेळा परत येत नाहीत. मात्र आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीला संमती मानणं 2020 च्या ई-कॉमर्स नियमांना धरून नाही, म्हणून त्यावर तक्रार करता येते. अप्पांच्या बिलात तसलं काही नव्हतं.

रद्द करण्याचा आकार: टक्के कशावर?

तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरात एक तक्ता असतो. अप्पांच्या गाडीचा असा होता: सुटण्याआधी 12 ते 24 तास असताना रद्द केलं तर भाड्याच्या 25 टक्के कापणार. 6 ते 12 तास असताना 50 टक्के. त्याहून कमी वेळ उरला असेल तर काहीच परत नाही. प्रत्येक गाडीवाल्याचा तक्ता वेगळा असतो, म्हणून शेजाऱ्याचा अनुभव इथे चालत नाही.

अप्पांनी सकाळी सव्वानऊला तिकीट रद्द केलं. धुळ्याहून बसण्याची वेळ रात्री पावणेअकरा. म्हणजे साडेतेरा तास आधी. म्हणजे 25 टक्के कपात. म्हणून त्यांनी 1,959 चे 75 टक्के काढले आणि 1,469 हा आकडा पकडून बसले.

यात दोन गोष्टी चुकल्या. लहान चूक आधी सांगतो. 25 टक्के हे 1,959 वर नव्हे, मूळ भाड्यावर म्हणजे 2,100 वर लागतात, कारण गाडीवाल्याची सीट त्याच किमतीची. ते झाले 525. उरले 1,575. त्यातून कूपनचे 200 वजा होतात, कारण ते अप्पांनी कधी भरलेच नव्हते. न भरलेले पैसे परत कसे येतील? राहिले 1,375. म्हणजे 25 टक्क्यांचा टप्पा लागला असता तरी 1,469 नव्हे, 1,375 च आले असते. अप्पांचे 94 रुपये इथे कागदावरच विरघळले. त्यातले 44 कन्व्हीनियन्स फीचे, कारण ती परत न येणारी असूनही त्यांनी तिचा पाऊण हिस्सा मोजला होता. उरलेले 50 कूपनचे, कारण कपात त्यांनी सूट वजा करून मोजली होती.

काही पोर्टल अटींमध्ये हेच सरळ लिहितात की कपात मूळ भाड्यावर होईल आणि सूट परताव्यातून वजा होईल. तुमच्या अटी उलट असतील, म्हणजे कपात सूट दिल्यानंतरच्या रकमेवर होईल असं लिहिलेलं असेल, तर हिशेबही तसाच करा. शब्द वाचल्याशिवाय आकड्यावर भांडू नका.

गाडी सुटते कुठून?

आता मोठी चूक. ही खान्देशातल्या प्रवाशाला हमखास नडते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या लांबून येतात आणि आपण मध्येच कुठेतरी बसतो. एरंडोल, पारोळा, धुळे ही आपली बसण्याची ठिकाणं. गाडी तिथली नसते.

अप्पांची गाडी भुसावळहून सुटणारी. भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा आणि मग धुळे, तिथून पुढे मालेगाव, नाशिक, मुंबई. भुसावळहून निघण्याची वेळ संध्याकाळी पावणेआठ. तक्त्याखाली आणखी बारीक अक्षरात एक ओळ होती: वरील वेळ गाडीच्या मूळ सुटण्याच्या वेळेपासून मोजली जाईल. म्हणजे अप्पा धुळ्याला पावणेअकराला बसणार असले तरी त्यांच्या तिकिटाचं घड्याळ भुसावळला पावणेआठचं होतं.

सकाळी सव्वानऊ ते संध्याकाळी पावणेआठ, म्हणजे साडेदहा तास. 12 तासांच्या आत. म्हणजे 25 नव्हे, 50 टक्के कपात. आता हिशेब पुन्हा मांडू:

मूळ भाडं: 2,100
50 टक्के कपात: − 1,050
कूपनची सूट: − 200
परतावा: 850

बरोबर तोच आकडा. 619 पैकी 94 हिशेबाच्या पद्धतीत गेले होते आणि उरलेले 525 घड्याळात. अप्पांनी सकाळी पावणेआठच्या आत रद्द केलं असतं, तर 525 रुपये जास्त आले असते. दीड तासाची किंमत. त्या दिवशी ते साडेसहाला उठले होते आणि मुंबईला नाही जायचं हे तेव्हाच ठरलं होतं. आधी पेपर वाचला, मग अंघोळ केली. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

उलटीकडूनही हेच होतं. पुण्याहून येणाऱ्या गाडीत तुम्ही शिरूरला किंवा नगरला बसणार असाल, तरी घड्याळ पुण्याचं असू शकतं. म्हणून तिकीट काढतानाच गाडी मुळात कुठून आणि किती वाजता सुटते ते पाहून ठेवायचं. पोर्टलवर बसण्याच्या ठिकाणांची यादी उघडली की सगळ्यात वरचं ठिकाण आणि त्याची वेळ दिसते, पण यादी कधीकधी फक्त तुमच्या शहरातली ठिकाणं दाखवते. तशी असेल तर सुटण्याच्या गावापासून शोध घेऊन तीच गाडी पुन्हा पाहा. काही ठिकाणी रद्द करण्याच्या पानावर "अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत इतके परत" असं सरळ लिहिलेलं असतं. ते दिसत असेल तर तेवढंच खरं धरा आणि त्याचा स्क्रीनशॉट घेऊन मगच बटण दाबा. नंतर ते पान तसंच दिसेल याची खात्री नसते.

आणि तिकिटावर "बसण्याच्या वेळेपासून" असं लिहिलेलं असूनही घड्याळ मूळ गावाचं लावलं असेल, तर ती चूक आहे. अप्पांच्या बाबतीत तसं असतं, तर मी त्यांना 525 रुपये मागायला लावले असते.

गाडीच रद्द झाली तर?

तिथे हा सगळा तक्ता गुंडाळून ठेवायचा. तो प्रवाशानं रद्द केल्यावर लागतो. गाडीवाल्यानं फेरी रद्द केली तर कपात शून्य. अप्पांच्या तिकिटात निदान 1,900 तरी, म्हणजे भाडं वजा कूपन, पूर्ण यायला हवेत. 59 रुपयांची फी पोर्टल अशा वेळीही अडवून धरतात, पण मागून पाहायला हरकत नाही. सेवा मिळाली नाही ती तुमच्यामुळे नाही.

इथे एक सापळा आहे. गाडीवाल्याचा फोन येतो, "दादा, आजची गाडी जात नाहीये, तुम्ही अॅपवरून तिकीट कॅन्सल करून टाका." भोळेपणानं बटण दाबलं की नोंद "प्रवाशानं रद्द केलं" अशी होते आणि तक्ता लागू होतो. बटण दाबायचं नाही. पोर्टलला लेखी कळवायचं की गाडीवाल्यानं फेरी रद्द केली आहे, तुमच्याकडून रद्द करा. फोन आलेला नंबर आणि वेळ लिहून ठेवा, मेसेज आला असेल तर तो जपून ठेवा.

ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांमध्येही या अंगानं एक तरतूद आहे. ग्राहकानं खरेदी रद्द केल्यावर आकार लावायचा असेल, तर कंपनीनं स्वतःहून एकतर्फी रद्द केल्यावर तसाच आकार तिनंही सोसायला हवा. तक्रारीत ही ओळ लिहिली की उत्तराचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

विमानाचं "नॉन-रिफंडेबल": सगळंच बुडालं?

आता ते दुसरं प्रकरण. माझे मामा-मामी अमळनेरचे, मुलगा बेंगळुरूला. मुंबईहून बेंगळुरूची दोन तिकिटं एका पोर्टलवरून काढली होती. मामींचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि जाणं रद्द झालं. समजायला सोपं जावं म्हणून आकडे थोडे गोल करून देतो. एका माणसामागे:

मूळ भाडं: 3,600
त्यावर 5 टक्के जीएसटी: 180
विमानतळ सुरक्षा शुल्क: 236
विमानतळ वापर शुल्क: 204
एकूण: 4,220

दोघांचे 8,440 आणि वर पोर्टलची कन्व्हीनियन्स फी प्रत्येकी 400. भरले 9,240. रद्द करताना अॅपवर लिहून आलं: भाडं नॉन-रिफंडेबल, परतावा 0. मामांनी ते मान्य करून टाकलं. मला आठवड्यानं कळलं, तेही मामी बोलता बोलता बोलून गेल्या म्हणून.

बसपेक्षा विमानाचं वेगळेपण इथे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, ऑगस्ट 2016 पासून लागू असलेला नियम सांगतो की विमान कंपनी रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याहून जास्त लावू शकत नाही. कंपनीच्या तक्त्यात 4,500 लिहिलेले असले आणि मूळ भाडं 3,600 असलं, तर कपात 3,600 ला थांबते. आणि वैधानिक कर व विमानतळाची शुल्कं परत द्यावीच लागतात, तिकीट कितीही सवलतीचं आणि नॉन-रिफंडेबल असलं तरी. "नॉन-रिफंडेबल" हा शब्द फक्त भाड्याला लागतो, शुल्कांना नाही.

कारणही सरळ आहे. विमानतळाचं शुल्क कंपनीची कमाई नाही. ते विमानतळ वापरणाऱ्याकडून गोळा करून पुढे द्यायचं असतं. मामा विमानतळावर गेलेच नाहीत, तर त्यांच्या नावाचं शुल्क कंपनी ठेवून कसं घेणार?

म्हणजे प्रत्येकी 236 आणि 204, मिळून 440. दोघांचे 880 यायलाच हवे होते. जीएसटीच्या 180 चं थोडं गुंतागुंतीचं आहे. कंपनीनं 3,600 आकार म्हणून ठेवून घेतले, तर त्या आकारावरही तिकिटाच्याच दरानं कर लागतो, असं जीएसटी खात्यानं ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून पूर्ण भाडं कापलं गेलं तर 180 परत येतीलच असं धरू नका. भाड्याचा काही भाग परत येत असेल, तर त्या भागावरचा जीएसटी मात्र सोबत यायला हवा.

विमान कंपनीला पीएनआर, भाड्याची फोड आणि या नियमाचा उल्लेख करून ईमेल लिहिला. 880 मंजूर झाले. हाती आले 280. मधले 600 पोर्टलनं "रद्द करण्याचं सेवा शुल्क" म्हणून कापले, प्रत्येकी 300. हे कन्व्हीनियन्स फीपेक्षा वेगळं असतं: एक तिकीट काढताना, दुसरं मोडताना. चिडून जुना ईमेल उघडला, तर 300 रुपये तिथे लिहिलेले होते. मी मुकाट्यानं मिटला. लिहिलेले नसते तर सोडलं नसतं. आता मी घरच्यांची तिकिटं दर सारखा असेल तेव्हा थेट विमान कंपनीच्या साइटवरून काढतो. तिथेही कन्व्हीनियन्स फी लागते, पण मोडण्याचं हे दुसरं शुल्क मध्ये येत नाही. परताव्याच्या प्रक्रियेसाठी विमान कंपनीला वेगळा आकार लावायची मुभाच नाही.

रद्दच केलं नाही, नुसते गेलो नाही

"भाडं तर बुडणारच, मग रद्द करायचे कष्ट कशाला?" म्हणून लोक तिकीट तसंच सोडून देतात. बसच्या बाबतीत ते चालून जाईल. विमानाच्या बाबतीत नाही. डीजीसीएचा शुल्क परत देण्याचा नियम न आलेल्या प्रवाशालाही लागू आहे. फक्त तिथे पैसे आपोआप येतील याची वाट पाहू नका, मागावे लागतात. चार माणसांचं कुटुंब असेल तर मामांच्या आकड्यांनी ते 1,760 रुपये होतात. आधी रद्द केलेलं केव्हाही सोपं, कारण मग निदान अॅप स्वतः हिशेब काढतं आणि तो तपासायला आपल्यासमोर असतो.

हिशेब जुळतो, पण खात्यात पैसे नाहीत

अप्पांच्या 850 बद्दलही आधी हीच तक्रार होती. पोर्टल म्हणे "परतावा दिला", बँकेच्या पासबुकात काही नाही. अशा वेळी पोर्टलकडे "स्टेटस" विचारत बसण्यात अर्थ नसतो. विचारायचा तो संदर्भ क्रमांक. यूपीआयनं पैसे आले असतील तर 12 अंकी आरआरएन, कार्डावर आले असतील तर एआरएन. तो नंबर घेऊन बँकेत गेलं की पैसे आलेत की नाहीत हे कळतं. पोर्टलला नंबरच देता येत नसेल, तर पैसे अजून निघालेलेच नाहीत.

अप्पांचं वेगळंच निघालं. तिकीट काढताना 300 रुपये अॅपच्या वॉलेटमधून गेले होते आणि बाकीचे यूपीआयनं. परतावा ज्या वाटेनं पैसे आले त्याच वाटेनं गेला, 300 वॉलेटमध्ये आणि 550 बँकेत. पासबुकात 850 शोधत होते, तिथे 550 ची नोंद तीन दिवसांपासून पडून होती. वॉलेटमधले 300 तिथेच राहतात, पुढच्या तिकिटाला वापरता येतात. ते बँकेत हलवता येतील की नाही हे त्या अॅपच्या अटींवर.

हिशेब खरोखर चुकला असेल आणि पोर्टल ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. पण तिथे फोन करण्याआधी कागदावर चार आकडे मांडून ठेवा: मूळ भाडं किती, तक्त्यातला टप्पा कुठला, सूट किती, आलं किती. "माझे पैसे कमी आले" असं सांगणाऱ्याला पलीकडचा माणूस पुन्हा अटी वाचून दाखवतो. "तक्त्याप्रमाणे 1,375 यायला हवे होते, तुम्ही 850 दिले, 525 चं कारण सांगा" असं म्हटलं की त्याला कारण शोधावं लागतं.